बक्षिसाच्या लिंकखाली लिहायची एक ओळ

«आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मधूनच कुणीतरी अनोळखी नंबरवरून ‘गाडी जिंका’, ‘फोन जिंका’ अशी लिंक टाकतं. गप्प बसलं तर कुणीतरी दाबतंच, बोलायला गेलं तर वाद होतो. अशा वेळी खाली नेमकं काय लिहावं?»

तुम्ही विचारलंत म्हणून आधी ओळच देऊन टाकतो:

“टाटा गाडीच्या बक्षिसाची लिंक उघडू नका, तिचा पत्ता टाटांचा नाही, टाटांनीही अशी योजना नसल्याचं जाहीर केलंय.”

ही ओळ एका खऱ्या प्रकरणावरची आहे. २०२१च्या ऑक्टोबरात व्हॉट्सॲपवर टाटा समूहाच्या १५०व्या वर्धापनदिनाचा एक संदेश फिरला. काही प्रश्नांची उत्तरं द्या आणि गाडी जिंका, असा त्याचा मथितार्थ. समूहाने तेव्हा ट्विटरवर स्पष्ट सांगितलं की हा उपक्रम आमचा नाही. खरं तर त्याआधीच संदेशातला आकडा बोलत होता. टाटा समूहाची सुरुवात १८६८ची, म्हणजे दीडशे वर्षं २०१८लाच पूर्ण झाली होती. वाढदिवस तीन वर्षं उशिरा कोण साजरा करतं? पुढच्या वर्षी, २०२२च्या एप्रिलात, टपाल खात्यालाही असंच पत्रक काढावं लागलं, कारण भारतीय टपालाच्या नावाने प्रश्नावली भरून बक्षीस मिळवा अशा लिंक फिरत होत्या. नावं बदलतात, आतला सांगाडा तोच राहतो.

तो सांगाडा ठाऊक असला की ओळ कुणासाठी लिहायची ते आपोआप कळतं. लिंक उघडली की वर कंपनीचं चिन्ह, मध्ये सोपे तीनचार प्रश्न, आणि खाली ‘मला मिळालं’ म्हणणाऱ्या लोकांच्या प्रतिक्रिया. त्या प्रतिक्रिया पानातच लिहून ठेवलेल्या असतात. मग खोकी येतात, त्यातलं एक निवडायचं. पहिलं खोकं रिकामं निघतं, दुसऱ्यात किंवा तिसऱ्यात बक्षीस लागतं. हे प्रत्येकालाच लागतं, कारण निकाल आधीच ठरलेला असतो. यानंतर अट येते: पाच ग्रुपना किंवा वीस मित्रांना पाठवा, वरची निळी पट्टी भरली की बक्षीस तुमचं. ती पट्टी बटण दाबल्याच्या हिशोबाने पुढे सरकते. पट्टी भरली की माणूस जाहिरातींच्या पानांवर, एखादं ॲप उतरवण्याच्या पानावर किंवा नाव, फोन, कार्ड विचारणाऱ्या फॉर्मवर जाऊन पडतो.

म्हणजे तुमच्या ग्रुपवर लिंक टाकणारा अनोळखी माणूस पुष्कळदा स्वतःच निळी पट्टी भरत बसलेला असतो. सी विंगमधल्या नव्या भाडेकरूचे वडील असतील, तुमच्या फोनमध्ये त्यांचा नंबर नसेल म्हणून नावाआधी ~ अशी खूण दिसते, एवढंच. त्यांना ‘फ्रॉड’ म्हटलं की ते दुखावतात, त्यांच्या बाजूने दोघं उभे राहतात, आणि पुढचे पन्नास संदेश कोण कुणाला काय बोललं यावर जातात. लिंक तशीच राहते. म्हणून ओळ नेहमी लिंकबद्दल असावी, माणसाबद्दल नव्हे. ‘ही लिंक उघडू नका’ यावर रागावायला कुणाला जागा उरत नाही. शिवाय लिंकचा पत्ता कुणीही स्वतः वाचून पाहू शकतो, पाठवणाऱ्याच्या मनातला हेतू मात्र तुम्हालाही माहीत नसतो.

आता तो पत्ता वाचायचा कसा. यासाठी लिंक उघडायची गरज नाही, ती संदेशात डोळ्यांपुढेच असते. समजा अशी आहे:

```
https://tata.com.gift-car.example/spin
```

(शेवटचं `.example` मुद्दाम घेतलंय. तो शेवट फक्त उदाहरणांसाठी राखून ठेवलेला आहे, त्यामुळे चुकून दाबलं तरी कुठे जायला नको.) `https://` सोडून पुढे चला आणि पहिल्या तिरक्या रेघेशी थांबा. तिथून उलटं, उजवीकडून डावीकडे वाचा. शेवटचे दोन तुकडे म्हणजे जागेचा मालक: इथे `gift-car.example`. त्याच्या डावीकडचं `tata.com` हे त्या मालकाने स्वतःच्या दारावर लावलेलं नाव आहे, त्याला वाटेल ते नाव लावता येतं. शेवट `.co.in` किंवा `.gov.in` असा जोडशेवट असेल तर दोनऐवजी तीन तुकडे धरायचे. आणि पहिल्या तिरक्या रेघेच्या आत `@` दिसला, तर त्याच्या डावीकडचं सगळं सोडून द्या, खरा पत्ता उजवीकडे आहे.

लोक फसतात ते बहुतेक लिंकवरच्या चित्राने. संदेशासोबत येणारा छोटा फोटो आणि ठळक मथळा व्हॉट्सॲपने तपासून दिलेला नसतो. पान बनवणाऱ्यानेच तो पानात लिहून ठेवलेला असतो, फोन फक्त उचलून दाखवतो. `https` किंवा कुलपाचंही तेच. तुमच्या आणि त्या पानाच्या मधलं बोलणं वाटेत कुणाला वाचता येत नाही एवढंच ते सांगतं, पलीकडे कोण बसलंय ते सांगत नाही.

एवढं वाचायला मिनिटही लागत नाही, आणि ओळ लिहायला एवढंच पुरतं. तरी शंका असेल तर लिंक न उघडता कॉपी करून `virustotal.com` वर टाकून पाहता येते. मात्र ताजी लिंक तिथे पहिले काही तास स्वच्छ दिसू शकते. तिथे लाल दिसलं तर धोका आहे असं धरून चालावं, हिरवं दिसलं म्हणून काहीच सिद्ध होत नाही. पत्ता लहान करून लपवलेला असेल तेव्हा मालक वाचता येत नाही. चांगल्या कंपन्याही असे लहान पत्ते वापरतात, त्यामुळे तिथे ओळ तेवढीच सौम्य हवी: “गाडीच्या बक्षिसाची लिंक सध्या उघडू नका, पत्ता लपवलेला आहे, कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर ही योजना दिसत नाही.” आणि हे शेवटचं वाक्य खरोखर तिथे पाहिल्यावरच लिहायचं.

ओळीत तीन गोष्टी असाव्यात: कोणती लिंक, काय करू नये, आणि कुणालाही पडताळता येईल असं कारण. क्रमही हाच. लॉक केलेल्या फोनच्या पडद्यावर संदेशाचे पहिले काही शब्दच दिसतात, म्हणून ‘उघडू नका’ लवकर यायला हवं. ‘नमस्कार मंडळी, एक महत्त्वाची गोष्ट निदर्शनास आणून द्यावीशी वाटते’ यात सगळी जागा संपते. नुसतं ‘फेक आहे’ लिहिलं तर तासाभराने वर चढत वाचणाऱ्याला कळत नाही की काय फेक, त्यात मध्ये पाण्याच्या टँकरचे फोटो आलेले असतात. वस्तूचं नाव घेतलं की ओळ एकटी सापडली तरी अर्थ लागतो. कारणं एक किंवा फार तर दोनच द्या. तीन कारणं दिली की सगळ्यात कच्चं कारण पकडून वाद सुरू होतो, आणि ओळीचा लेख झाला की व्हॉट्सॲप तिला ‘पुढे वाचा’च्या आत दुमडतं.

पाठवताना मूळ संदेश उजवीकडे सरकवून त्यालाच उत्तर द्या, म्हणजे दोन्ही जोडलेले राहतात. लिंक स्वतःच्या ओळीत कधीही पुन्हा चिकटवू नका. सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. इशारा देणाऱ्याच्या नावाने तीच लिंक पुन्हा जिवंत होते, आणि ओळखीच्या माणसाकडून आली म्हणून जास्त दाबली जाते. पत्ता लिहायचाच असेल तर मोडून लिहा, `gift-car[.]example` असा, मग तो दाबता येत नाही.

ओळ गेली की ॲडमिनला वेगळा निरोप द्या. ॲडमिनला कुणाचाही संदेश सगळ्यांसाठी पुसता येतो. पुसल्यावरही तुमची ओळ राहू द्या, कारण तोवर ज्यांनी लिंक पाहिली किंवा पुढे ढकलली त्यांच्यासाठी ती लागते. मूळ संदेश दाबून धरून रिपोर्टही करता येतो. दूरसंचार विभागाच्या `sancharsaathi.gov.in` वर ‘चक्षू’ म्हणून सोय आहे, तिथे पैसे गेले नसतानाही असा संशयास्पद संदेश कळवता येतो.

मग कुणीतरी लिहितंच, “मी भरलं, मला काही झालं नाही.” त्याच्याशी वाद घालू नये. तो खोटं बोलत नसतो. नाव आणि नंबर गोळा झाला की त्या दिवशी काहीच होत नाही, फोन नंतर येतो. त्याला उत्तर एकदाच, तेही उपयोगाचं: “माहिती भरली असेल तर येणारा ओटीपी कुणाला सांगू नका, आणि तिथून ॲपची एपीके फाईल उतरवली असेल तर इंटरनेट बंद करून ती आणि तिच्यातून बसलेलं ॲप, दोन्ही काढून टाका.” कार्डाचा तपशील दिला असेल तर आधी बँकेकडून कार्ड बंद करून घ्यायचं. पैसे गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या सरकारी क्रमांकावर फोन, कारण पैसे पुढच्या खात्यांत पांगण्याआधी अडवता आले तरच हाती लागतात. बक्षीस घेण्यासाठी यूपीआय पिन टाकायला सांगितला तर तिथेच थांबावं. पैसे मिळायला पिन लागत नाही, तो पैसे जाताना लागतो.

कधी उलटंही होतं. कोपऱ्यावरच्या सराफाची दिवाळीची सोडत खरी असते, त्याने फॉर्म कुठल्याशा फुकट सेवेवर बनवलेला असतो आणि पत्ता परका दिसतो. तुमची ओळ माणसावर नसून पत्त्यावर होती, म्हणून ती मागे घेणंही तितकंच सोपं असतं. पहिल्या ओळीलाच उत्तर देऊन लिहा: “सोडतीची लिंक दुकानाचीच आहे, दुकानात फोन करून विचारलं. माझी शंका मागे घेतो.”