तुम्ही विचारलंत म्हणून: नळाचे पाणी आणि निळी केंद्रके

“स्लाइडवर दिसणारे ते जांभळे-गुलाबी रंग पेशींचे स्वतःचेच असतात का?”

नाही. मेणाच्या ब्लॉकमध्ये बसवलेल्या ऊतीचा, मायक्रोटोम या यंत्रावर कापलेला चार मायक्रॉनचा काप जवळजवळ रंगहीन असतो. न रंगवता सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तर काचेवर काही आहे की नाही इथपासूनच शंका येते. रंग आम्ही चढवतो, आणि इतकी वर्षे हे काम केल्यावर मला वाटते की त्यातली सर्वांत दुर्लक्षित पायरी म्हणजे नळाखालची धुलाई.

झायलीन या द्रावकाने मेण काढून अल्कोहोलमार्गे पाण्यापर्यंत आणलेला काप आधी हिमॅटॉक्सिलिन या रंगात जातो. मध्य अमेरिकेतल्या एका झाडाच्या लाकडातून मिळणारा हा पदार्थ ऑक्सिडीकरणानंतर तुरटीतल्या ॲल्युमिनियमशी जोडला गेला, की धनभारित होऊन केंद्रकातल्या ऋणभारित डीएनएला चिकटतो. जास्तीचा रंग आम्लयुक्त अल्कोहोलमध्ये काही सेकंद बुडवून उतरवतात. त्या वेळी केंद्रके तांबूस असतात. किंचित अल्कधर्मी पाण्यात काही मिनिटे राहिल्यावरच ती निळी होतात. मग येते इओसिन, म्हणजे दुसरा रंग. ते ऋणभारित असल्याने पेशीद्रव्यातली प्रथिने, स्नायू आणि कोलॅजेन गुलाबी होतात, तर रक्तातल्या तांबड्या पेशी सर्वांत भडक दिसतात. चरबी मात्र झायलीनमध्ये आधीच विरघळलेली असते, म्हणून तिच्या जागी नुसती पांढरी भोके उरतात.

एकदा आमच्या प्रयोगशाळेत नळाऐवजी आरओचे पाणी सुरू झाले. स्वच्छ पाणी अधिक चांगले, असे सर्वांनीच गृहीत धरले होते. दुसऱ्या दिवशी अपेंडिक्सच्या एका स्लाइडमध्ये सगळी केंद्रके गढूळ तांबूस-जांभळी दिसली. अपेंडिक्सच्या स्नायूंच्या थरात न्यूट्रोफिल, म्हणजे तुकड्यातुकड्यांचे केंद्रक असलेल्या पांढऱ्या पेशी, शिरलेले दिसले, तर तीव्र दाह म्हणायचा. पण गुलाबी स्नायूवर तांबूस केंद्रक उठून दिसेना आणि न्यूट्रोफिलच्या केंद्रकाचे तुकडे मोजता येईनात. आरओच्या पाण्यातले क्षार गेलेले असतात, ते किंचित आम्लधर्मीही असते, आणि त्यात केंद्रके निळी होत नाहीत, हे कळायला अर्धा दिवस गेला.

झाकणकाच झायलीनमध्ये सोडवून आम्ही तीच स्लाइड उलट्या क्रमाने पाण्यात आणली. अमोनियाचे थेंब घातलेल्या पाण्यात ती अर्धा मिनिट धरली आणि बघता बघता काप निळा झाला. इओसिन त्यात धुऊन गेले होतेच, पण ते पुन्हा देण्याआधी अमोनिया नीट धुवावा लागला, कारण अल्क शिल्लक राहिला तर इओसिन फिके बसते. नंतर पाहिले तेव्हा गुलाबी स्नायुतंतूंच्या मधोमध, दोन-तीन तुकड्यांत विभागलेल्या गडद निळ्या केंद्रकांचे न्यूट्रोफिल ओळीने बसलेले होते. ते आदल्या दिवशीही तिथेच होते.