पागोळ्यांना कळायचंय अजून

मंगळवार, रात्री साडेदहा

संध्याकाळी पाऊस थांबल्यावर गल्लीचा एक फोटो काढला. ओला रस्ता, त्यावर दिव्याचा पिवळा ओघळ, भिंतीला टेकवलेली एक सायकल. माणूस एकही नाही. फोटो काढायला पाच सेकंदं लागली आणि त्याखाली दोन ओळी लिहायला दीड तास. आता झोप उडालीच आहे, तर तो दीड तास कुठे गेला ते लिहून ठेवते.

पहिल्या झटक्यात हे आलं: ‘चिंब पावसात भिजलेली निःशब्द गल्ली आणि मनात दाटलेल्या आठवणी...’

बोटांना सवय असते, ती आपोआप लिहून मोकळी होतात. मग वाचून बघितलं. ‘चिंब’ म्हटल्यावर ‘भिजलेली’ कशाला? गल्ली ओली आहे आणि तिथे कुणी नाही, हे फोटोत दिसतंच आहे. म्हणजे अर्धी ओळ फोटोचंच पुन्हा सांगण्यात गेली. उरलेल्या अर्ध्या ओळीत आठवणी, पण कुणाच्या, कशाच्या, पत्ता नाही. ही ओळ कुठल्याही ओल्या फोटोखाली डकवली तरी चालेल. मी आता हीच परीक्षा लावते: ओळ उचलून दुसऱ्याच फोटोखाली ठेवायची. तिथेही ती आरामात बसली, तर ती या फोटोची नाही. आणि ते शेवटचे तीन टिंब! शब्द संपले की मी टिंबं देते, हे मला माहीत आहे.

दुसरा प्रयत्न: ‘गल्ली गप्प आहे. पाऊस आत्ताच काहीतरी बोलून गेलाय.’

ही बरी होती. शब्द साधे, घरात बोलतो तसे. ‘निःशब्द’च्या जागी ‘गप्प’ आला आणि ओळ एकदम हलकी झाली. तरी काहीतरी खटकत होतं. पाऊस बोलला, गल्ली गप्प बसली, हे मी बसल्याजागी रचलेलं होतं. पाहिलेलं त्यात काहीच नव्हतं.

म्हणून फोन बाजूला ठेवला आणि तिथे नेमकं काय होतं ते आठवत बसले. पाऊस थांबला होता, पण आवाज थांबला नव्हता. पत्र्याच्या कडेवरून पागोळ्या गळत होत्या आणि एक थेंब बरोबर सायकलच्या सीटवर पडत होता. टप्. मग थोडा वेळ काही नाही. मग पुन्हा टप्. फोटोत आवाज येत नाही. म्हणजे ओळीने सांगायचं ते हेच, फोटोला जे जमत नाही ते.

‘पाऊस थांबला. पागोळ्यांना अजून कळायचंय.’

हे लिहिल्यावर पाठ टेकली. मग नुसता क्रम बदलून पाहिला: ‘पाऊस थांबला. पागोळ्यांना कळायचंय अजून.’ मराठीत क्रियापद शेवटी आलं की वाक्याचं दार बंद होतं. बातमी सांगायला ते उत्तमच. पण ‘अजून’ शेवटी नेला की वाक्य जरा लोंबकळत राहतं, आणि पागोळीही तशीच लोंबकळते. एक शब्द इकडचा तिकडे, बाकी काही नाही. अर्थात ही युक्ती रोज करायची नाही. प्रत्येक ओळीत क्रियापद पुढे ओढलं की नाटकातल्यासारखं वाटायला लागतं.

इथेच थांबायला हवं होतं, पण मला अभंगाची खोड. सहा-सहा-सहा-चार अशी अक्षरं, आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमक. मोजणी सोपी असते: जोडाक्षर एकच धरायचं, ऱ्हस्व-दीर्घ बघायचं नाही. बोटं मोडत मोडत हे जमलं:

थांबला पाऊस
गल्लीत ना कुणी
पागोळीचं पाणी
बोलतसे

मोजलं, बरोबर भरलं. कुणी-पाणीही जुळलं. पण मोठ्याने वाचल्यावर शेवटच्या शब्दाला अडखळले. ‘पागोळीचं’ ही माझी रोजची भाषा, आणि तिच्या शेजारी ‘बोलतसे’ म्हणजे चप्पल घालून वर फेटा बांधल्यासारखं. चार अक्षरं भरायला मी जुन्या कपाटातून शब्द काढला होता. अशी ठिगळं पटकन ओळखू येतात: ‘-तसे’, ‘नभी’, ‘मज’, ‘जणू’. साध्या ओळीत यातलं एखादं दिसलं की समजायचं, मात्रा किंवा अक्षरं कमी पडत होती. शिवाय पाणी पुन्हा ‘बोलायला’ लागलं होतं, म्हणजे दुसऱ्या प्रयत्नातलं खोटं मागच्या दाराने परत आलं.

मग ‘बोलतसे’ काढून ‘थेंबथेंब’ ठेवला. अक्षरं चारच. क्रियापद नाहीच, आणि त्याची गरजही नाही. लिहिताना चार अक्षरं, पण बोलताना शेवटचा ‘अ’ आपण गिळतो, त्यामुळे दोनच ठोके ऐकू येतात: थेंब्, थेंब्. अभंग म्हणताना प्रत्येक अक्षर पूर्ण उच्चारतात, फोनवर वाचणारा मात्र मनात बोलल्यासारखं वाचतो. म्हणून नुसती अक्षरं मोजून भागत नाही, एकदा कानाने ऐकावंच लागतं.

आभाळाचा एक फोटोही पडून आहे, दुपारचा. काळंभोर, अगदी छपरांना टेकलेलं. त्यासाठी ‘आकाश’ की ‘आभाळ’ हा प्रश्न मला पडत नाही. ‘आभाळ’ हा शब्द ‘अभ्र’ वरून आला, म्हणजे ढग त्याच्या पोटातच आहेत. ‘आभाळ आलंय’ असं आपण सहज म्हणतो, ‘आकाश आलंय’ असं कुणी म्हणणार नाही. आकाश आपलं वर असतं, निळं आणि दूर. येतं, भरतं, उतरतं ते आभाळ. ‘गगन’ आणि ‘नभ’ तर मी फोनवर लिहायचे सोडूनच दिले आहेत.

पण आभाळाशीही जपून. मागे एकदा धो-धो पावसाच्या फोटोखाली ‘आभाळ फाटलंय’ एवढंच लिहून मी निवांत जेवायला बसले. दहा मिनिटांत मावशीचा फोन: “अगं, काय झालं? सगळे बरे आहेत ना?” बरोबरच होतं तिचं. आभाळ फाटणं म्हणजे ठिगळ लावता येणार नाही असं संकट. मला पाऊस दाखवायचा होता आणि तिला दुःख दिसलं. साध्या शब्दांना आधीच चिकटलेला अर्थ असतो, आणि तो ओळीपेक्षा आधी पोचतो.

या फोटोला सध्या एवढं सुचलंय: ‘दुपारी तीनला दिवा लावायला लावलास, आभाळा.’ ‘काळेकुट्ट’, ‘गहिरे’ असलं एकही विशेषण नाही, तरी अंधार दिव्यावरून कळतो. ‘लावायला लावलास’ मध्ये ‘ला’ जरा जास्तच झालेत, जीभ अडखळते. आठवडाभर राहू दे तसंच, मग बघू.

गल्लीच्या फोटोखाली शेवटी पागोळ्यांचं ते एक वाक्य टाकलं. चार चरण वहीत ठेवले, कारण फोनवर पहिल्या एक-दोन ओळींपुढचं झाकलं जातं आणि ‘थेंबथेंब’ दिसलाच नसता. त्याच्यासाठीच तर सगळा खटाटोप होता.

अकरा वाजता ताईचा मेसेज आला: “सायकल कुणाची गं? बिचारी भिजतेय अजून.”

सायकलबद्दल मी एक अक्षर लिहिलं नव्हतं.