झोपेतच संपलेली बॅटरी

जुलैत सलग आठ दिवस आभाळ होतं. नवव्या दिवशी सकाळी आक्कांचा फोन आला. "दादा, बांधावरचा डबा काल रातीपासून बोलंना. मालक तर आज रातच्याला पाण्याला जाणारेत."

जुन्नर तालुक्यात तेव्हा शेतीची वीज एका आठवड्यात दिवसा असायची, तर दुसऱ्यात रात्री. रात्रीच्या आठवड्यात माणूस टॉर्च घेऊन उसात शिरायचा, आणि त्याच उसात बिबट्या राहतो. त्यासाठीच मी तो डबा लावला होता. समोर हालचाल झाली की पीआयआर सेन्सर ईएसपी३२-कॅम बोर्डाला उठवतो. इन्फ्रारेड दिवा लागतो, एक फोटो निघतो आणि बोर्डावरचं छोटं मॉडेल बिबट्या, कुत्रा, माणूस की काहीच नाही, ते ठरवतं. बिबट्या असेल तर लोरा रेडिओवरून आक्कांच्या ओसरीवरचा भोंगा वाजतो. एवढं सगळं पाच सेकंदांत उरकून बोर्ड पुन्हा झोपतो.

डबा उघडला. पाणी शिरलेलं नव्हतं, गंजही नव्हता. बॅटरी मात्र पार उतरली होती. मला पहिला संशय आला तो उसाच्या पात्यांवर. वाऱ्याने पाती हलली, सेन्सर फसला, बोर्ड दिवसभर उठत राहिला असणार. पण लोराचे संदेश घेणाऱ्या गेटवेवरची नोंद पाहिली तर दिवसाला सरासरी चाळीसच जागरणं. एका जागरणाला पाच सेकंद, साधारण २५० मिलिअँपिअर. म्हणजे चाळीस जागरणांना दिवसाचे जेमतेम १४ मिलिअँपिअर-तास. बॅटरी २६०० ची. एवढ्याशा खर्चाने ती संपणं शक्यच नव्हतं.

मग सोबत नेलेली भरलेली बॅटरी लावली आणि तिच्या वाटेत मल्टिमीटर जोडला. इथे मीटर मिलिअँपिअरच्या रेंजवरच ठेवावा लागतो. मायक्रोअँपिअरच्या रेंजवर मीटरमध्येच इतका व्होल्टेज पडतो की उठताक्षणी बोर्ड रिसेट होतो, आणि आपण भलत्याच दोषाच्या मागे लागतो. बोर्ड झोपला. काटा नव्हता, आकडे होते: १४.

चौदा! चिपच्या माहितीपत्रकात गाढ झोपेला सुमारे दहा मायक्रोअँपिअर लिहिलेत, आणि मी तोच आकडा धरून हिशोब केला होता. चौदा गुणिले चोवीस म्हणजे दिवसाला ३३६. कामापेक्षा चोवीसपट खर्च झोपेचा. २६०० ची बॅटरी आठवडाभरात उतरणारच. घरी मी दोन दिवस चाचणी घेतली होती, तीही कडक उन्हात. डब्याचं सौर पॅनेल रोज ही गळती भरून काढत होतं, म्हणून ती दिसलीच नाही.

आता एकेक गोष्ट काढून बघायची. वीज तोडून कॅमेऱ्याची रिबन काढली, परत जोडलं, तर आकडा साडेनऊवर आला. म्हणजे चिप झोपत होती, कॅमेरा नाही. त्याची वीज बंद ठेवणारी पिन ३२ झोपेत सुटी पडत होती. ती धरून ठेवावी लागते:

```cpp
pinMode(32, OUTPUT);
digitalWrite(32, HIGH);
rtc_gpio_hold_en(GPIO_NUM_32);
esp_deep_sleep_start();
```

हे घालून पाहिलं. पहिला फोटो छान आला, दुसऱ्या जागरणाला `Camera probe failed with error 0x105`. धरलेली पिन उठल्यावरही धरलेलीच राहते, त्यामुळे कॅमेऱ्याला वीजच मिळत नाही. कॅमेरा सुरू करण्याआधी `rtc_gpio_hold_dis(GPIO_NUM_32)` लिहिल्यावर गाडी रुळावर आली.

उरलेले साडेनऊ होते बोर्डावरच्या एएमएस१११७ रेग्युलेटरचे आणि बॅटरीचे पाच व्होल्ट करणाऱ्या बूस्टरचे. हा रेग्युलेटर काहीही काम नसताना स्वतःच सुमारे पाच मिलिअँपिअर खातो, आणि बूस्टरमुळे बॅटरीच्या बाजूला ते आणखी वाढतात. कोड कितीही सुधारला तरी हे थांबत नाही. दुपारी वीज आल्यावर ओसरीवर बसून दोन्ही उपटून काढले आणि ३००० ची लिथियम फॉस्फेट बॅटरी थेट ३.३ व्होल्टच्या पिनेला जोडली. ईएसपी३२ला ३.६ व्होल्टच्या वर चालत नाही, म्हणून चार्जर ३.५ वरच तोडायला लावला. मीटरवर आता ०.४. झोपेचे दिवसाला दहा, कामाचे चौदा. अजिबात ऊन पडलं नाही तरी कागदावर चार महिने, आणि मी त्यातले दोनच धरतो.

अंधार पडायच्या आत डबा बांधावर परत गेला. मालकांची पाळी रात्री दहाची होती. पावणेअकराला माझ्या फोनवर नोंद आली: `leopard 0.91`. पाठोपाठ आक्कांचा फोन. भोंगा ऐकून मालक मोटार तशीच चालू ठेवून घरी परतले होते.