भरिताच्या जाळीचा ठावठिकाणा

डिसेंबर लागला की खानदेशात भरिताच्या पार्ट्या सुरू होतात आणि बामणोदच्या वांग्यांचे फोटो व्हॉट्सॲपवर फिरू लागतात. यंदा सुरतच्या वहिनींनी टाकलेल्या फोटोत मात्र सगळ्यांची नजर वांग्याखालच्या जाळीवर गेली. कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्याची सर कशालाच नाही, पण जळगावच्या तिसऱ्या मजल्यावर काड्या पेटवणार कुठे? आणि गॅसवर ते भलंमोठं हिरवं वांगं उलटवायला गेलं की घरंगळतं. या जाळीला चारही बाजूंनी बोटभर कठडा होता. "कुठून घेतली वहिनी?" तर म्हणे, मेळ्यातून. खोका नाही, शिक्का नाही.

फोटोवरून शोध घेतला तेव्हा बार्बेक्यूच्या शेगड्यांची रांग लागली. वांगं आणि हात कापून नुसती जाळी ठेवली तर केक थंड करायचे स्टँड आले. फोटोवरच्या शोधाला आकार दिसतो, वस्तू कशी वापरतात ते दिसत नाही. तेव्हा फोटो बाजूला ठेवला आणि त्यात काय काय आहे ते कागदावर लिहून काढलं. चौकोनी, दोन थरांची, खाली भोकं पाडलेला पत्रा, वर तारांची जाळी, कठडा, दुमडणारी तारेची मूठ. मापासाठी शेजारची काडेपेटी कामी आली. ती साधारण पाच सेंटिमीटरची, आणि जाळीच्या कडेला लावून ठेवल्यासारखी होती. चार काडेपेट्या म्हणजे वीस सेंटिमीटर, दुकानदारांच्या भाषेत आठ इंच. काडेपेटी कॅमेऱ्याच्या जवळ असती तर हा हिशेब फसला असता.

आता हे शब्द कुठे टाकायचे, त्यावर बरंच अवलंबून असतं. किरकोळ विक्रीच्या साइटवर वस्तू तिच्या कामावरून ओळखली जाते. तिथे "baingan roaster for gas stove" किंवा सरळ "papad jali" लिहिलं की माल दिसतो. घाऊक साइटवर तोच माल धातू, घडण आणि मापावरून लावलेला असतो: "SS wire roaster square 8 inch". वांग्याचं नावही तिथे नाही. कठड्यासाठी मात्र दोन्हीकडे शब्द सापडला नाही. तो शेवटपर्यंत फोटोंत डोळ्यांनीच शोधावा लागला.

सापडली तेव्हा एकच फोटो लावून बसलेले बरेच विक्रेते निघाले, भाव मात्र ज्याचा त्याचा. ब्रँडच्या जागी 'Generic'. इथे बहुतेक जण हात टेकतात, पण खरी गोष्ट त्या पानाच्या तळाशी असते. आपल्याकडच्या वजनमापांच्या नियमांनुसार ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या पाकीटबंद मालावर उत्पादक, पॅकिंग करणारा किंवा आयातदार यांचं नाव-पत्ता आणि माल कुठल्या देशातला ते दाखवावं लागतं. म्हणजे वस्तूला ब्रँड नसला तरी बाप असतो. तीन-चार पानं उघडली तर निरनिराळ्या विक्रेत्यांच्या खाली राजकोटचं एकच नाव. ते नाव आणि गाव घाऊक साइटवर टाकलं, तर त्यांचं अख्खं दुकानच उघडलं. अर्थात कधी कधी तिथे नुसत्या पॅकिंगवाल्याचं नाव असतं आणि कारखाना आणखी दोन पायऱ्या मागे राहतो.

फोनवर भाव विचारण्याआधी मी वजन विचारलं. भाव सगळेच सांगतात. तार जाड की बारीक ते वजनावरून कळतं, आणि बारीक तार आचेवर पहिल्याच हिवाळ्यात वाकते. एकाची जाळी एकशे नव्वद ग्रॅम, राजकोटवाल्याची तीनशेच्या वर. शिवाय मोजपट्टी ठेवून काढलेला फोटो मागितला. कठडा त्यातच दिसला, विक्रीच्या चकचकीत फोटोत तो होता की नव्हता कुणास ठाऊक. धातूचं विचारलं तर "एसएस आहे साहेब". लोहचुंबकाने यातलं अर्धंच कळतं. चिकटला तर मुलामा दिलेलं लोखंड असू शकतं (स्टीलचेही काही प्रकार चुंबक धरतात), आणि मुलामा थेट आचेवर टिकत नाही. नाही चिकटला तरी स्टील 304 जातीचं की स्वस्त 202 हे चुंबक सांगत नाही, कारण ते दोन्ही बहुधा चिकटतच नाहीत. वांगी भाजायला मला 202 चालणार होतं. पावसाळ्यात ओली ठेवली नाही म्हणजे झालं.

अडचण एकच, डझनाच्या खाली माल मिळणार नव्हता. ग्रुपवर विचारलं, तर धुळ्याहून मावशीचा निरोप पहिला आला, "माले बी एक जोयजे." संध्याकाळपर्यंत मागणी चौदावर गेली, आणि राजकोटवाला आता दोन डझनांचा भाव सांगतोय.