कार्ट्रिज तेच, प्रिंटर तोच, तरी ओळख नाही

आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत नीट छापणाऱ्या लेझर प्रिंटरने सकाळी पडद्यावर `Cartridge not recognized` दाखवलं आणि एक पानही छापायला नकार दिला. आत कंपॅटिबल, म्हणजे प्रिंटरच्या कंपनीचं नसलेलं, दुसऱ्याने बनवलेलं टोनर कार्ट्रिज होतं, जेमतेम अर्धं वापरलेलं. मधल्या काळात प्रिंटरचं झाकण कोणी उघडलंही नव्हतं, आणि मला हीच गोष्ट खटकली. नवं कार्ट्रिज घातल्याबरोबर असा संदेश आला, तर ते नीट बसलं नसेल किंवा वरची पट्टी काढायची राहिली असेल असं म्हणता येतं. जागेवरून न हललेलं कार्ट्रिज रात्रीत अनोळखी होतं, तेव्हा बदल कार्ट्रिजमध्ये नसून प्रिंटरच्या डोक्यात झालेला असण्याची शक्यता जास्त.

तरी सोपं ते आधी करून घेतलं. कार्ट्रिजच्या एका कडेला नखाएवढी हिरवी पट्टी असते, तीवर सोनेरी चौकोन. हीच चिप. प्रिंटरच्या आत तिच्यासमोर स्प्रिंगच्या बारीक पिना असतात आणि झाकण बंद झालं की त्या या चौकोनांवर टेकतात. प्रिंटर कार्ट्रिजमधली भुकटी बघत नाही, या चिपशी बोलतो. मॉडेल कोणतं, किती पानं झाली, आणि अलीकडच्या प्रिंटरांमध्ये चिप खरोखर कंपनीची आहे का, हे सगळं तो तिलाच विचारतो. मी प्रिंटर बंद केला, धागे न सुटणाऱ्या कापडाला थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून चौकोन पुसले, पिना वाकल्या नाहीत ना ते टॉर्चने पाहिलं. हे चालू असताना कार्ट्रिज जाड कागदाखाली झाकून ठेवलं, कारण माझ्या मॉडेलमध्ये ड्रम कार्ट्रिजमध्येच असतो आणि उजेडात राहिला की छपाईवर सावल्या उमटतात. सगळं परत बसवलं. संदेश तोच.

मग प्रिंटर दुरुस्तीचं काम करणाऱ्या मित्राला फोन केला. त्याने पहिलाच प्रश्न केला, "प्रिंटरबरोबर आलेलं कंपनीचं कार्ट्रिज फेकलंस का?" फेकलं नव्हतं, कपाटात पडून होतं. "मग ते घाल. रिकामं असू दे. काय म्हणतो ते बघ."

ते घातल्यावर प्रिंटर म्हणाला `Very Low`. ओळखलं नाही, असं म्हणाला नाही. या एका चाचणीत अर्धं कोडं सुटलं. पिना ठीक, चिप वाचणारं सर्किट ठीक, तक्रार फक्त कंपॅटिबल कार्ट्रिजच्या चिपबद्दल. दोन्ही कार्ट्रिजना नकार मिळाला असता, तर पिना किंवा सर्किटचा दोष शोधावा लागला असता आणि चिपा बदलत बसण्यात अर्थ नव्हता.

कारण सापडलं कॉन्फिगरेशनच्या पानावर, म्हणजे प्रिंटर स्वतःची माहिती छापून देतो त्या पानावर. प्रिंटर नवा असताना हे पान छापून मी फाईलला लावलं होतं. आता पुन्हा छापलं आणि दोन्ही शेजारी ठेवली, तर फर्मवेअरच्या, म्हणजे प्रिंटरच्या आतल्या सॉफ्टवेअरच्या, ओळीतला आकडा बदललेला. प्रिंटर वायफायवर असतो आणि स्वतःहून अपडेट घेण्याची सोय मुळातच चालू असते. नव्या फर्मवेअरमध्ये चिपची तपासणी कडक झाली आणि आधी पास होणारी नकली चिप नापास झाली. अपडेट झाला त्याच दिवशी नकार मिळेल असंही नाही. २०१६ च्या सप्टेंबरमध्ये एका मोठ्या कंपनीचे कितीतरी इंकजेट प्रिंटर एकाच वेळी इतरांची कार्ट्रिज नाकारू लागले, तेव्हा ती बंदी आधीच पोचलेल्या फर्मवेअरमध्ये तारीख लावून ठेवलेली होती. म्हणून "मी तर काहीच अपडेट केलं नाही" या म्हणण्यावर फार विसंबू नये.

जुन्या फर्मवेअरवर परत जायचा प्रयत्न केला. प्रिंटरने फाईल घेतली, आवृत्ती जुनी आहे असं सांगितलं आणि सोडून दिली. बऱ्याच मॉडेलांत ही वाट बंदच असते.

उरला उपाय चिप बदलण्याचा. कंपनीच्या रिकाम्या कार्ट्रिजची चिप काढायची आणि टोनर शिल्लक असलेल्या कंपॅटिबलवर लावायची. माझ्याकडे चिप प्लास्टिकच्या खाचेत सरकवलेली होती आणि एका टोकाला प्लास्टिक वितळवून दाबलेलं होतं. तेवढा फुगीर भाग पातळ ब्लेडने खरवडला आणि चिप आडवी सरकवत बाहेर काढली. वर उचलायला गेलं तर ती मधोमध वाकते, आणि वाकलेली चिप कामातून गेली. काढण्याआधी मोबाईलवर फोटो घेतला होता, कोणती कड कुठे येते ते कळावं म्हणून. कंपॅटिबलवरची चिप नुसती चिकटवलेली होती, तिच्या जागी ही बसवली आणि मागे दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपचा पातळ तुकडा लावला. पहिल्या वेळी पुन्हा नकार आला. पाहिलं तर पिनांच्या बारीक खुणा चौकोनांच्या कडेवर उमटलेल्या. चिप केसभर बाजूला सरकवली आणि प्रिंटरने कार्ट्रिज ओळखलं.

आता पडद्यावर कायम `Very Low` दिसतं, कारण त्या चिपच्या हिशेबी टोनर संपत आलेला आहे. मेनूमध्ये टोनर फार कमी असताना थांबायचं की चालू ठेवायचं हे ठरवता येतं, तिथे `Continue` केलं. काही प्रिंटर ही मुभा देत नाहीत, संपलेली चिप म्हणजे बंद. तिथे ही युक्ती चालत नाही. जिथे चालते तिथेही टोनरचा काटा निरुपयोगी होतो. अक्षरं मधूनच फिकी पडायला लागली की समजायचं.

रिफिल केलेल्या मूळ कार्ट्रिजची गोष्ट थोडी वेगळी आहे. त्यावर चिप कंपनीचीच असते, त्यामुळे तक्रार बहुधा "रिकामं आहे" अशी येते. मात्र ते कार्ट्रिज दुसऱ्याच्या प्रिंटरमधून आलेलं असेल आणि त्या प्रिंटरमध्ये कार्ट्रिज संरक्षणाची सेटिंग चालू असेल, तर चिप त्या एकाच प्रिंटरशी कायमची बांधली जाते. असं कार्ट्रिज तुमच्याकडे कितीही पुसलं तरी चालणार नाही. संदेशात `protected` असा शब्द दिसला तर वेळ न घालवता परत करावं. स्वतःचंच कार्ट्रिज स्वतःसाठी भरून घेतलं की हा प्रश्न येत नाही.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये म्हटलं की कार्ट्रिज एकदा विकलं की कंपनीचा त्यावरचा पेटंटचा हक्क संपतो. पण न्यायालय हक्काबद्दल बोललं, फर्मवेअर मात्र त्याला शिकवलं तेवढंच करतं.

ब्राउझरमध्ये प्रिंटरचा आयपी पत्ता टाकून त्याचं पान उघडलं आणि आपोआप अपडेट घेणं बंद केलं. यात तोटा आहे, सुरक्षेच्या दुरुस्त्याही थांबतात, म्हणून प्रिंटर फक्त घरच्या नेटवर्कवर ठेवला आहे. विक्रेत्याला कॉन्फिगरेशनच्या पानाचा फोटो पाठवला, फर्मवेअरचा आकडा दिसेल असा. "चालत नाही" एवढंच कळवलं असतं तर त्याने पुसून बघायला सांगितलं असतं. आकडा पाहून त्याने त्या आवृत्तीवर चालणारी नवी चिप पाकिटात घालून पाठवली. ती पुढच्या कार्ट्रिजवर लावली आहे, आणि काढलेली कंपनीची चिप त्याच पाकिटात, मॉडेलचा नंबर लिहून ठेवली आहे.