नोंद ८: ६०० मिमीची अॅल्युमिनियम पट्टी आणि दोन तापमानांचा हिशोब

मागच्या नोंदीत राउटर मशीनच्या पुलासाठीची पहिली पट्टी तयार झाली होती. अॅल्युमिनियम, लांबी ६०० मिमी, दोन्ही टोकं मिलिंग करून काटकोनात. ती थंडीत केली होती, २२ अंशांना व्हर्नियरवर ६००.०२ आली आणि मी पुढे गेले. दुसरी तिच्याइतकीच लांब हवी, फरक ०.०३ मिमीपेक्षा जास्त नको, नाहीतर पूल तिरका बसेल.

दुसरी केली उन्हाळ्यात, भर दुपारी. शेवटच्या फेसिंग कटाआधी रीडिंग ६००.२२ होतं. मी २२ शतांश काढले, लगेच मोजलं, बरोब्बर ६००.०० आलं. दुसऱ्या दिवशी पहाटे, खोली २२ अंशांवर असताना, तीच पट्टी ५९९.८२ भरली. आधी संशय लीडस्क्रूच्या बॅकलॅशवर गेला. पण बॅकलॅशमुळे कट कमीजास्त होईल. रात्रभर नुसती पडून राहिलेली पट्टी त्यामुळे आखडणार नाही.

माझी चूक सवयीतून आली. आतापर्यंतचे बहुतेक जॉब पोलादाचे होते आणि व्हर्नियरही पोलादी. दोघांचं तापमान सारखं असेल तर दोघं जवळजवळ सारखेच वाढतात, त्यामुळे खोली ३४ अंशांवर असली तरी रीडिंग बरोबर येतं. त्यामुळे ‘तापमानाचं मनावर घ्यायचं नाही’ हे डोक्यात पक्कं बसलं होतं. अॅल्युमिनियम मात्र पोलादाच्या दुप्पट प्रसरण पावतं, आणि त्या दुपारी तर जॉब आणि स्केल यांचं तापमानही वेगळं होतं.

लांबी म्हणून आपण ड्रॉइंगवर जो आकडा लिहितो तो २० अंश सेल्सिअसचा असतो. हे तापमान १९३१ मध्ये आंतरराष्ट्रीय पातळीवर ठरलं, आज ते ISO 1 या मानकात आहे. (त्याआधी खुद्द मीटरची प्रमाण-पट्टी वितळत्या बर्फाच्या, म्हणजे शून्य अंशाच्या, तापमानाला धरलेली होती.) व्हर्नियरवरच्या रेघाही २० अंशांनाच खऱ्या. तापलेल्या स्केलवर रेघांमधली अंतरं वाढतात, म्हणून ते लांबी कमी दाखवतं. तापलेला जॉब स्वतः लांब होतो, म्हणून रीडिंग जास्त येतं. दोन दुरुस्त्या, उलट्या दिशांच्या:

```
L20 = R × [1 + αs(ts − 20) − αw(tw − 20)]
```

R म्हणजे रीडिंग, s स्केलसाठी, w जॉबसाठी, α म्हणजे प्रसरणांक. पोलादासाठी मी दर अंशाला दशलक्षात ११.५ भाग धरते, अॅल्युमिनियमसाठी २३. खरं सूत्र भागाकाराचं आहे, पण एवढ्याशा बदलात वजाबाकीने पडणारा फरक नगण्य असतो.

त्या दुपारी तापमान मोजलं नव्हतं, म्हणून भंगारातल्या तेवढ्याच तुकड्यावर तेच कट त्याच क्रमाने पुन्हा घेतले. जॉब ४१ अंश, बाजूला ठेवलेला व्हर्नियर ३३. आता जॉबचं पाहू: २१ अंश गुणिले २३, म्हणजे दशलक्षात ४८३ भाग. स्केलचं: १३ गुणिले ११.५, म्हणजे सुमारे १५०. उरले ३३३. म्हणजे ६०० मिमीवर ०.२० मिमी. कट घेण्याआधी पट्टी ६००.०२ होती, जवळपास हवी तेवढीच, आणि मी त्यातून २२ शतांश काढून टाकले. पट्टी ५९९.८० झाली. पहाटे २२ अंशांना ती या स्केलवर ५९९.८१ च्या आसपास दिसायला हवी, आणि ०.०२ लीस्ट काउंटवर दिसली ५९९.८२. हिशोब जुळला, पट्टी मात्र गेली.

तिसरी पट्टी करताना क्रम बदलला. शेवटच्या बारीक कटाआधी पट्टी मशीनवरून काढली आणि व्हर्नियरसह ओतीव लोखंडाच्या सरफेस प्लेटवर ठेवली. किती वेळ ठेवायचं याचा ठरलेला आकडा नाही. मी दर पंधरा मिनिटांनी रीडिंग घेते. सलग तीनदा तेच आलं की तापमान स्थिरावलं असं धरते. व्हर्नियर हातमोजे घालून धरते, कारण उघड्या हाताची ऊब लांब दांडीत उतरते आणि तीही एकसारखी नाही, मधल्याच भागात.

तापमान मोजायला आधी इन्फ्रारेड गन वापरली, ती अॅल्युमिनियमवर निरुपयोगी ठरली. चकचकीत धातू स्वतः फार थोडं उत्सर्जन करतो, गन मुख्यतः त्यात उमटलेलं आसपासचं तापमान वाचते. त्याऐवजी थर्मोकपलचं टोक टेपने जॉबला चिकटवलं आणि वर फोमचा तुकडा लावला. मग तोच थर्मोकपल काढून स्केलवर लावला. एकच उपकरण दोन्हीकडे वापरण्यात मोठा फायदा आहे. ते एक अंश जास्त दाखवत असेल तर दोन्ही दुरुस्त्या चुकतात, पण उलट्या दिशांनी, आणि ६०० मिमीवर उरते फक्त ०.००७ मिमीची चूक. वेगळ्या दोन थर्मामीटरपैकी जॉबवरचाच एक अंश चुकला तर ती ०.०१४ होते.

दोन्हीकडे ३४ अंश आले. मग गणित उलट बाजूने केलं: २० अंशांना ६००.०० हवं तर आत्ता किती दिसायला हवं? प्रसरणांकांमधला फरक ११.५, गुणिले १४ अंश, गुणिले ६००, म्हणजे ०.०९७. लक्ष्य ६००.१०. इथे अनेकांकडून होणारी चूक म्हणजे फक्त जॉबची दुरुस्ती करणं; तसं केलं तर लक्ष्य ६००.१९ निघतं आणि पट्टी जवळजवळ एक दशांश मिमी लांब राहते.

कटानंतर पुन्हा दोन तास थांबले. तापमान तेच ३४, रीडिंग ६००.१२, दुरुस्त लांबी ६००.०२३. पहाटे २२ अंशांना रीडिंग ६००.०४, दुरुस्त लांबी ६००.०२६. तीन मायक्रॉनच्या जुळणीवर मी फार भरवसा ठेवत नाही, कारण व्हर्नियरची एक रेघच वीस मायक्रॉनची आहे. शिवाय प्रसरणांक मिश्रधातूगणिक बदलतो. जॉबचा आकडा एका भागाने चुकला तर १४ अंशांवर आणि ६०० मिमीवर आठ मायक्रॉन इकडेतिकडे होतात. २२ अंशांना हीच चूक जेमतेम एक मायक्रॉन. म्हणूनच शेवटचा निर्णय मी पहाटेच्या रीडिंगवर घेते आणि दुपारच्या दुरुस्तीचा उपयोग फक्त कट ठरवायला करते.

पहिल्या पट्टीचं रीडिंगही दुरुस्त केलं: ६००.०२ वजा ०.०१४, म्हणजे ६००.००६. दोघींत फरक ०.०२ निघतो.

हा फरक तपासायला स्केलची गरज नव्हती. दोन्ही पट्ट्या एकाच धातूच्या. रात्रभर शेजारी ठेवल्या, एका बाजूची टोकं अँगल प्लेटला भिडवली आणि मोकळ्या टोकांवरून डायल फिरवला. सुई दीड ते दोन घरं सरकली, एक घर ०.०१ चं. तिसरी पट्टी लांब, हिशोबात आली तेवढीच. ती तशीच बसवते आहे. पुढच्या नोंदीत रेल.