जॉबबुकातून निघालेलं चॅनल

कराडला आमचं शिलाई मशीनचं दुकान आहे. मशीन विकतो, सुटे भाग ठेवतो, दुरुस्ती करतो. सुरुवात आप्पांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, दुरुस्तीच्या एका टेबलावर केली. आता ते टेबल माझे यजमान सांभाळतात. गल्ला, हिशेब आणि समोर आलेल्या बाईचं म्हणणं नीट ऐकून वहीत लिहिणं माझ्याकडे आहे. त्या वहीला आम्ही जॉबबुक म्हणतो. आमचं यूट्यूब चॅनल त्या वहीतून निघालं, आणि ते कसं निघालं हेच सांगायचं आहे.

2020 मध्ये लॉकडाऊनमुळे दुकान बंद होतं. घरोघरी मास्क शिवले जात होते, वर्षानुवर्षं झाकून ठेवलेल्या काळ्या मशीन बाहेर निघाल्या होत्या आणि फोन सुरू झाले होते. "वहिनी, खालून नुसतं जाळं होतंय बघा." "वहिनी, दर वीतभर शिवलं की दोरा तुटतोय." फोनवर सांगून भागेना, म्हणून हे घरच्या मशीनवर दाखवायचे आणि मी मोबाइलवर चित्रण करून पाठवायची. पुढे दुकान उघडलं तरी तेच व्हिडिओ लोक एकमेकांना पाठवत राहिले. तेव्हा चॅनल काढायचं नक्की झालं.

पण कशाचं? ज्याला विचारावं तो म्हणे, ब्लाउज कटिंगचं करा, बघणाऱ्या बायका लाखांनी आहेत. माझ्या धाकट्या दिरांचं मत वेगळं होतं. ते म्हणाले, आपण मशीन विकतो, तर कुठली मशीन घ्यावी हे सांगा. यांच्या डोक्यात कारखान्यातल्या मशीन होत्या, कारण त्यातलं काम यांना मनापासून आवडतं. आणि लॉकडाऊनमधले ते व्हिडिओ होतेच, घरच्या मशीनचा टाका का बिघडतो याचे. असे चार विषय झाले. सगळे एकाच चॅनलवर घालायचा मोह मला फार होता. तो आवरला याचं कारण साधं आहे. ब्लाउज शिकायला आलेल्या बाईला मोटरचा पट्टा बघायचा नसतो, आणि ज्याची मशीन अडली आहे त्याला गळ्याची डिझाइन नको असते. दोघंही दुसऱ्यांदा येत नाहीत.

मग मी मागच्या दोन वर्षांची जॉबबुकं काढली. आम्ही तक्रार गिऱ्हाइकाच्या शब्दात लिहितो, ही आप्पांनी लावलेली शिस्त. "टाका उडतो", "कापड पुढं जात नाही", "पाय जड झाला", असं. तीन रात्री बसून मी प्रत्येक नोंदीसमोर खूण केली. निम्म्याहून जास्त नोंदी टाक्याच्या होत्या. खालून गुंता, दोरा तुटणं, टाका उडणं. त्यातल्या बऱ्याच नोंदींपुढे यांनी "सुई बदलली" किंवा "दोरा परत ओवला" एवढंच लिहिलं होतं. म्हणजे बाई रिक्षात मशीन घालून आठ-दहा किलोमीटर आली होती, आणि बिघाड काहीच नव्हता. हे वाचून मला वाईट वाटलं, आणि विषयाचा निम्मा निर्णय तिथेच झाला.

लोक मोबाइलवर काय टाइप करतात तेही बघितलं. यूट्यूबच्या शोधाच्या चौकटीत पहिले दोन शब्द लिहिले की खाली सूचना येतात. त्या म्हणजे लोकांनी खरोखर विचारलेले प्रश्न. देवनागरीत "शिलाई मशीन" लिहून बघितलं, `silai machine dora` असं रोमनमध्येही बघितलं, कारण पुष्कळ जण तसंच टाइप करतात. सूचनांमधले शब्द आणि जॉबबुकातले शब्द बरेच जुळत होते. हिंदीत या विषयाचे व्हिडिओ भरपूर होते, मराठीत थोडे, आणि त्यातही हळू, हात स्पष्ट दिसतील असे फारच कमी.

आता कौशल्याचं. ब्लाउज मी शिवते, पण माझं कटिंग घरापुरतं आहे. एक व्हिडिओ करून बघितला. तयारी, दोन वेळा चुकलेलं कापड आणि चित्रण मिळून दोन दिवस गेले, आणि तरी मुंढ्याला चुणी आली. ज्या बायकांनी वीस वर्षं ब्लाउजच शिवले आहेत त्यांच्यापुढे मी काय शिकवणार? तोच दिवस टाक्यावर घातला तर काय होतं ते एका रविवारी पाहिलं. यांना तयारी लागतच नव्हती. मशीन पुढे ठेवली की हात आणि तोंड दोन्ही चालू. जेवणापर्यंत दोन व्हिडिओ झाले.

कुठली मशीन घ्यावी हा विषय कौशल्यात बसत होता, पण आम्ही विक्रेते. जी मशीन दुकानात आहे तिचं कौतुक आणि जी नाही तिचे दोष, असं न म्हणताही तसंच दिसलं असतं. कारखान्याच्या मशीनचं यांना ज्ञान आहे, पण ते विचारणारे मेकॅनिक थोडे, आणि चित्रणासाठी दर वेळी कुणाचं तरी चालू युनिट थांबवावं लागणार.

शेवटची कसोटी टिकण्याची. ती आम्ही वहीवरच घेतली. एका बैठकीत प्रत्येक विषयाची शीर्षकं लिहायची, पन्नास होईपर्यंत उठायचं नाही. मशीन खरेदीचा विषय चौदावर अडला. पुढे दर वेळी नवं मॉडेल बाजारात यायची वाट बघायची, नाहीतर स्वतः विकत घ्यायचं. टाक्याचा विषय त्रेसष्टवर आम्हीच थांबवला, कारण चहा गार झाला होता. शिवाय यात रोज नवा माल दारातून आत येतो. बिघडलेली मशीन टेबलावर आली की व्हिडिओची अर्धी तयारी झालेली असते. दिवाळीपूर्वी आणि लगीनसराईत दुकानात उसंत नसते, पण नेमकं तेव्हाच टेबल भरलेलं असतं. हा हिशेब मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. कामाच्या गर्दीत जे चॅनल बंद पडेल, ते आमच्यासारख्या दोघांच्या दुकानाला पेलणारं नव्हतं.

एका तक्रारीतून किती निघतं ते सांगते. खालून जाळं होणं. बघणाऱ्याला वाटतं, गुंता खाली म्हणजे दोष बॉबिनचा, म्हणून तो बॉबिन केसचा बारीक स्क्रू आवळतो. खरं कारण बहुतेक वेळा वर असतं. वरचा दोरा टेन्शनच्या दोन चकत्यांमध्ये बसलेलाच नसतो. मशीनचा कापड दाबणारा पाय खाली टाकून दोरा ओवला की चकत्या मिटलेल्या असतात, दोरा त्यांच्यावरून नुसता घसरतो. म्हणून ओवताना पाय वर हवा. ओळखायचं कसं, तर ओवून झाल्यावर पाय खाली टाकायचा आणि सुईजवळ दोरा ओढायचा. अडून अडून आला तर बसला आहे, सरसर आला तर परत ओवायचा. हा पहिला व्हिडिओ.

दुसऱ्यात वर लाल दोरा, खाली पांढरा. चुरगळलेल्या सुती तुकड्यावर शिवून दोन्ही बाजू बघायच्या. कापडाखाली लाल फासे दिसले तर वरचं टेन्शन सैल. वरच्या बाजूला पांढरे ठिपके उठले तर वरचं जास्त आवळलेलं, नाहीतर बॉबिन सैल. तिसऱ्यात बॉबिन केस. दोऱ्याचं टोक धरून केस हवेत लोंबती सोडायची. आपणहून घरंगळत खाली गेली तर सैल आहे. तिथेच थांबली आणि हाताला हलका झटका दिल्यावर इंच-दोन इंच उतरली तर ठीक. झटक्यानंही हलली नाही तर घट्ट. स्क्रू फिरवायचा तो पाव फेऱ्याहून कमी, आणि खाली पांढरं कापड पसरून, कारण तो पडला तर सापडत नाही. याच तक्रारीत पुढे चकत्यांत अडकलेला दोऱ्याचा पुंजका निघाला, उलटी भरलेली बॉबिन निघाली, दुसऱ्या मशीनची बॉबिन बसवलेली निघाली. सहा व्हिडिओ झाले.

एवढं करूनही विषय पुरेसा अरुंद झाला नव्हता, आणि ते एका चुकीतून कळलं. टाका उडण्यावरच्या व्हिडिओत आम्ही सांगितलं की सुईची चपटी बाजू उजवीकडे ठेवा. आमच्या टेबलावरच्या मशीनला ते बरोबर होतं. पण काही काळ्या मशीनमध्ये दोरा उलट्या बाजूने ओवतात, आणि झिगझॅग करणाऱ्या बऱ्याच मशीनमध्ये समोरून. एका ताईंनी लिहिलं, "तुमचं ऐकून सुई फिरवली, आता एकही टाका पडत नाही." चूक पूर्णपणे आमची होती. व्हिडिओ काढून टाकला, त्यांना फोन केला आणि नवा केला. त्यात बाजू सांगितलीच नाही, नियम सांगितला. सुईला एक लांब खाच असते. दोरा ज्या बाजूने ओवायचा तिकडे ती खाच, आणि चपटी बाजू तिच्या विरुद्ध, सुईचा दोरा खाली पकडणाऱ्या शटलच्या हुककडे.

त्यानंतर चॅनलची हद्द ठरवून घेतली. घरची, सरळ टाक्याची, पायाने किंवा छोट्या मोटरने चालणारी मशीन, एवढीच. सुरुवातीला कुठली मशीन समोर आहे ते दाखवायचं. इलेक्ट्रॉनिक मशीन नाही, एम्ब्रॉयडरी नाही. वीजजोडणीची दुरुस्तीही घरी करायला सांगायची नाही. आणि जिथे हुक आणि सुईचा मेळ बिघडलेला असेल तिथे स्पष्ट म्हणायचं, जवळच्या मेकॅनिककडे न्या.

अरुंद विषयाची किंमतही मोजावी लागते. ज्याचा टाका सुधारला तो पुढचा व्हिडिओ कशाला बघेल? आमचे बहुतेक प्रेक्षक शोधातून येतात, काम झालं की जातात, सबस्क्राइब फार थोडे करतात. जाहिरातीचं उत्पन्न सुरू व्हायला 1000 सबस्क्रायबर आणि वर्षभरात 4000 तास बघितलं जाणं, किंवा 90 दिवसांत शॉर्ट्सचे 1 कोटी व्ह्यू लागतात. आमचे व्हिडिओ चार-पाच मिनिटांचे. आम्हाला तिथे पोचायला दोन वर्षं लागली, आणि येणारी रक्कम दुकानाच्या वीजबिलाला हातभार लावते, इतकीच. दुकानाला फायदा वेगळ्या वाटेने झाला. सुया, बॉबिन केस, पट्टे यांची कुरिअरने मागणी आली, आणि ती मागताना लोक मशीनचा फोटो पाठवतात, म्हणून चुकीचा भाग जाणं कमी झालं.

सध्या कापडाची कड बांधणाऱ्या ओव्हरलॉक मशीनवर व्हिडिओ करा, अशी मागणी सारखी होते आहे. यांचा हात त्यात चांगला आहे, प्रश्नही आहेत. पण टेबलावर ओव्हरलॉक महिन्याला दोन-तीनच येतात. मी जॉबबुकात त्यांच्यासाठी मागची चार पानं राखून ठेवली आहेत, आणि तक्रार येईल तशी गिऱ्हाइकाच्याच शब्दात लिहीत आहे. आज सकाळपर्यंत अकरा नोंदी झाल्या.